कंसातले इंग्रजी शीर्षक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशावर इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकाची खरी परीक्षा संदर्भसूचीत होते. निबंधाच्या मुख्य भागात तो आपल्या विधानांना हवे तितके स्पष्टीकरण जोडू शकतो. संदर्भसूचीत मात्र त्याला मराठी ग्रंथाचे नाव रोमन लिपीत उतरवावे लागते आणि त्यापुढे कंसात चार-पाच इंग्रजी शब्दांत त्याचा अर्थ द्यावा लागतो. मराठी न जाणणाऱ्या वाचकाच्या हाती त्या ग्रंथाविषयी बहुधा एवढेच पडते. म्हणून या कंसाकडे केवळ मुद्रणाचा संकेत म्हणून पाहता येत नाही.

प्रथम संकेत स्पष्ट करून घ्यावा. इंग्रजी लेखनातील प्रमुख शैलिपुस्तिकांचा सूचीविषयक कल साधारणतः एक आहे. मूळ शीर्षक लिप्यंतर करून तिरक्या टंकात द्यावे आणि त्यापुढे चौकोनी कंसात, सरळ टंकात त्याचा अर्थ द्यावा. शिकागोची आणि मानसशास्त्र संघटनेची पद्धत या अर्थातील फक्त पहिले अक्षर आणि विशेषनामे मोठ्या अक्षरांनी लिहिते. आधुनिक भाषा संघटनेची पद्धत अर्थ देणे ऐच्छिक मानते. चौकोनी कंस हा संपादकीय कंस आहे. आतला मजकूर मूळ मुखपृष्ठावर नसून निबंधलेखकाने घातला आहे, असे तो सांगतो. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर खरोखर प्रसिद्ध झालेले असेल, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा त्या भाषांतराचे नाव ग्रंथनाम म्हणून तिरक्या टंकात येते, आणि निबंधाच्या ओघात ते गोल कंसात देण्याची रीत आहे. टंकाचा हा फरक क्षुल्लक दिसतो. परंतु एक खूण 'हा माझा अर्थ' असे म्हणते आणि दुसरी 'हे पुस्तक अस्तित्वात आहे' असे म्हणते.

खुणांची सरमिसळ झाली की काय होते, ते मारुती चितमपल्ली यांच्या 'जंगलाचं देणं' या पुस्तकाच्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, मोहर्लीच्या परिसरात ताडोब्याच्या जंगलावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाने या शीर्षकापुढे 'द गिफ्ट ऑफ द फॉरेस्ट' असे लिहिले, आणि तेही तिरक्या टंकात, प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून. दुसरा लेखक त्या निबंधावरून संदर्भ उचलतो. लांबलचक लिप्यंतर त्याला अडचणीचे वाटते, म्हणून तो ते गाळतो आणि इंग्रजी नाव तेवढे ठेवतो. तिसरा ते नाव ग्रंथालयाच्या सूचीत शोधतो. त्याला काहीच सापडत नाही, कारण तसे पुस्तक कधी निघालेलेच नाही. मूळ मराठी पुस्तक मात्र त्याच ग्रंथालयाच्या मांडणीवर असू शकते. असे भूत ओळखण्याची खूण सोपी आहे: नोंदीत भाषांतरकाराचे नाव नाही आणि प्रकाशक मात्र मराठी आहे. एखाद्याला केवळ इंग्रजी अर्थच द्यायचा असेल, तर मूळ ग्रंथ मराठीत आहे हे नोंदीत सांगितलेच पाहिजे. तरीही मूळ शीर्षक गाळू नये, कारण शोध त्यानेच लागतो.

त्या शोधातही अडचणी आहेत. 'जंगलाचं देणं' यातील अनुस्वार बोलभाषेतील नपुंसकलिंगी रूप दाखवतो. एखादा सूचिकार तो अनुस्वार चिन्हाने जपतो, दुसरा साधा 'अ' लिहितो, तिसरा 'जंगलाचे देणे' असे प्रमाण रूप करून मग लिप्यंतर करतो. 'च'साठी कोणी एक रोमन अक्षर वापरतो, कोणी दोन. मोहर्ली हे गावाचे नावसुद्धा इंग्रजी कागदांत दोन प्रकारे आढळते; कोठे पहिल्या 'ह'नंतर 'ए' येतो, कोठे 'यू'. म्हणून अभ्यासकाने एकच लिप्यंतरपद्धती निवडून तिचा उल्लेख निबंधाच्या आरंभी करावा, आणि मूळ रूप 'सुधारू' नये. शक्य असेल तेथे देवनागरी शीर्षकही द्यावे.

याहून अवघड प्रश्न अर्थाचा आहे. 'देणं' म्हणजे देणगी. देवाचं देणं, असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा हा अर्थ असतो. पण 'देणं' म्हणजे ऋणही, आणि 'देणं फेडणं' या प्रयोगात तोच अर्थ आहे. षष्ठीचा प्रत्यय या द्व्यर्थाला आणखी मोकळीक देतो: जंगलाने दिलेले ते जंगलाचं देणं, आणि जंगलाला द्यावयाचे राहिलेले तेही जंगलाचं देणं. इंग्रजी कंसात यांपैकी एकच अर्थ मावतो. 'गिफ्ट' लिहिले की जंगल दाता होते आणि माणूस घेणारा. 'डेट' लिहिले की माणूस देणेकरी होतो. निसर्गविषयक नीतीची चर्चा करणाऱ्या निबंधात हा फरक किरकोळ नाही. युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच कंसाने पक्ष घेतलेला असतो, आणि परभाषी वाचकाला दुसरा पक्ष होता याचा पत्ताही लागत नाही. येथे दोन्ही अर्थ तिरक्या रेघेने कंसात कोंबणे हा उपाय नव्हे. पुस्तक वाचून जो अर्थ प्रधान वाटतो तो सूचीत द्यावा, आणि दुसऱ्याची दखल निबंधाच्या ओघात, शीर्षक प्रथम येते तेथे, एका वाक्यात घ्यावी.

सर्वच शीर्षके इतकी निसरडी नसतात. चितमपल्ली यांच्याच 'रातवा'चा अर्थ निश्चित आहे. तो एक पक्षी आहे, आणि इंग्रजीत त्याला 'नाइटजार' म्हणतात. येथे चूक होते ती शब्द माहीत नसल्याने, 'रात' या अवयवावरून 'नाइट' असा तर्क केल्याने.

प्रसिद्ध भाषांतर उपलब्ध असले तरी प्रश्न संपत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'चे संतोष भूमकर यांनी केलेले भाषांतर 2003 साली 'द आउटकास्ट' या नावाने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. बारा माशांचा एक तोळा. अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, एक मासा उणा. मान्य विवाहाबाहेर जन्मलेल्या संततीला समाजाने दिलेली ही शिवी आहे, आणि तिच्यात सोनाराचा तराजू आहे. इंग्रजी शीर्षकात बहिष्कृतता उरली, वजन गेले. तरीही ते ग्रंथनाम आहे, म्हणून ते जसेच्या तसे द्यावे. त्याच्या जागी स्वतःचा अधिक शब्दशः अर्थ घालू नये. मात्र अभ्यासकाने अवतरणे मूळ मराठी आवृत्तीतून घेऊन स्वतः अनुवादिली असतील, तर सूचीत मूळ ग्रंथाची नोंद हवी आणि अनुवाद आपला असल्याचे सांगणेही हवे. नाहीतर भूमकरांनी न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर जमा होतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. या जिल्ह्यांतील वनहक्कांचा अभ्यास 'निस्तारपत्रका'वाचून होत नाही. गावाला जळण, चराई, इमारती लाकूड यांसाठी सरकारी जमिनीचा कसा उपयोग करता येईल, याची ही नोंद. 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161मध्ये तिला स्थान आहे. कंसात 'फॉरेस्ट परमिट' असे लिहिल्यास शासनाने मेहेरबानीने दिलेला परवाना डोळ्यांपुढे येतो, आणि गावाच्या वहिवाटीचा भाग पुसला जातो. म्हणून येथे 'निस्तार' हा शब्द कंसातही तसाच ठेवून त्याला 'गावाच्या वहिवाटी उपयोगांची नोंद' अशा आशयाचे इंग्रजी वर्णन जोडावे. असे वर्णन शीर्षकापेक्षा लांब होते, सूचीची ओळ बेढब दिसते. पण कलम 161 उघडून पाहणाऱ्या वाचकाला तोच शब्द तेथे भेटतो.