दात दाखवते, चावलेली नाही

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दलचा आपला अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, या भागाची सगळीकडे चर्चा झाली. दत्तकाबद्दलचं वाक्य मात्र फारसं कुणी वाचलं नाही: ज्याला कुत्रं दत्तक घ्यायचं त्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. निवाऱ्यातल्या जनावरांच्या दत्तकासाठी इन्स्टाग्रामवर स्लाइडच्या फिती लिहिणाऱ्या आम्हा मंडळींसाठी खरा बदल या वाक्यात होता. जमलं नाही की कुत्रं गुपचूप चौकात सोडून द्यायचं, ही पळवाट कधीच योग्य नव्हती. आता ती कागदावरही बंद झाली. त्यामुळे घर आणि कुत्रं यांची जोडी चुकली तर त्याचा भार आधी येतो तो स्लाइडवरच्या स्वभावाच्या चार ओळींवर. फोटो, वय, नसबंदी, लस हे सगळं कुणालाही लिहिता येतं. त्या चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि मी अजून त्यांच्यापाशीच अडतो.

नेवासा तालुक्याचं उदाहरण घेऊ, कारण शहरी निवाऱ्यात लिहिलेल्या ओळी तिथे लगेच उघड्या पडतात. सोनई किंवा भेंड्याच्या बाजूची एखादी वस्ती: उसाच्या मधोमध दोन-तीन घरं, दावणीला गाई, अंगणात कोंबड्या, बांधावर शेळ्या. कुत्रं राखणीला हवं असतं. ‘प्रेमळ, खेळकर, मुलांत रमणारा’ असं लिहिलं तर या घराच्या हाती काय लागतं? काहीच नाही. त्यांना कळायला हवं की हे जनावर कोंबडीमागे धावतं का, आणि दिवाळीनंतर गाळप सुरू होऊन ऊसतोडीची टोळी, बैलगाड्या, ट्रॅक्टर दारावरून जाऊ लागले की ते काय करेल. त्याच तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसण्याची परंपरा आहे; तिथल्या घराला ‘फाटक उघडं दिसलं की पळतो’ हे आधी कळलं नाही तर आमचं बाकीचं सगळं लेखन वाया. शिवाय ऊस आला की बिबट्या आला. याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव व गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे ‘रात्री घरात किंवा बंद खोलीत शांत झोपतो का’ ही ओळ तिथे कुत्र्याच्या जिवाची आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: स्वभाव लिहू नका, काय घडलं ते लिहा. समजा, तीन वर्षांची एक काळी कुत्री आहे, कानाला नसबंदीची खूण असलेली. तिच्यासाठी मी असं लिहीन: ‘रोज खायला घालणाऱ्या बाईजवळ येऊन बसते. पुरुष काठी किंवा झाडू घेऊन आला की कोपऱ्यात जाते. कोपऱ्यात हात घातला तर दात दाखवते, चावलेली नाही. कोंबड्या दिसल्या की साखळी ओढते. शेळ्यांजवळ नेऊन पाहिलेलं नाही. लहान मुलांसोबत पाहिलेलं नाही.’ यातल्या शेवटच्या दोन ओळींसाठी सर्वांत जास्त भांडावं लागतं. पाहिलं आणि ठीक वागली, पाहिलं आणि बिघडली, पाहिलंच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक स्लाइडवर तिसरी पहिलीत मिसळलेली असते: तक्रार आली नाही म्हणून ‘मुलांसाठी उत्तम’. निवाऱ्यात मुलं येतच नसतील तर तक्रार येणार कुठून?

यावर जाणकार म्हणतात, निवाऱ्यातलं वागणं घरात टिकत नाही, मग हा तपशील तरी कशाला? आक्षेप खोटा नाही. २०१६ साली पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी निवाऱ्यांतल्या स्वभाव-चाचण्यांचा हिशेब मांडून दाखवला, की कुत्र्याला मुद्दाम डिवचून घेतलेली परीक्षा भरवशाच्या दृष्टीने नाणं उडवण्यापेक्षा फारशी बरी नसते. भुंकणारे शेजारी, अनोळखी वास, अपुरी झोप यांत सापडलेलं जनावर वेगळंच दिसतं. पण याच कारणाने ‘आक्रमक’ आणि ‘शांत’ हे दोन्ही शिक्के सारखेच पोकळ ठरतात, आणि घटना मात्र उरते. काठी, कोपरा, हात ही साखळी लिहिली की वस्तीवरचा माणूस स्वतः ठरवू शकतो की आपल्या घरी ती जुळून येईल का. सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन गुरं वळणाऱ्या घरात ती रोजच जुळून येईल. मर्यादाही सांगायला हवी. ज्या जनावराने माणसाला खोल चावा घेतला आहे त्याला कितीही प्रामाणिक ओळी देऊन दहा कुत्र्यांच्या फितीत बसवू नये. त्याची गोष्ट समोरासमोर सांगायची असते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि जागेचा आहे: असं लिहिलं तर फोन कमी येतात, पिंजरे भरलेले राहतात. फोन कमी येतात हे खरं. पण कुत्रीला घर एकच हवं असतं. शंभर फोन हवे असतात ते लिहिणाऱ्याला, आणि हा मोह मला चांगला ठाऊक आहे. ‘मी काळी, मला कुणी आई देईल का’ अशी कुत्र्याच्या तोंडची वाक्यं मला फार सहज सुचतात, त्यांवर बदाम पडतात, आणि तो आकडा मी अजूनही चोरून पाहतो. काही मंडळी तर ‘आज रात्रीपर्यंत घर मिळालं नाही तर’ अशी धमकी लिहून काम भागवतात. दयेपोटी नेलेलं जनावर पहिल्या फाटलेल्या गादीला परत येतं, हे त्यांनाही माहीत असतं.

मांडणीचीही एक अडचण याच धाग्यातली आहे. इन्स्टाग्रामवर आता एका फितीत वीस स्लाइड बसतात आणि दत्तकाच्या पायऱ्या रिवाजाने शेवटच्या स्लाइडवर जातात. गावाकडे मात्र अख्खी फीत पोचत नाही. एका जनावराच्या स्लाइडचा फोटो काढून तो व्हॉट्सॲपवर फिरतो. पायऱ्या मागेच राहतात, आणि माणूस थेट गाडी घेऊन कुत्रं न्यायला येतो. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी दोन ओळी हव्यातच: ‘घरातल्या सगळ्यांनी दोनदा येऊन भेटावं, तेव्हा ओळखपत्र, राहत्या जागेचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती. जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, आम्ही परत घेऊ.’ फॉर्म, सही, नंतरची घरभेट हे शेवटच्या स्लाइडवर चालतं. ‘परत घेऊ’ लिहिल्याने लोक कुत्रं हलक्या हाताने नेतात, असं आमच्यातलेच काही म्हणतात. ते वाक्य काढल्याने जमत नसलेलं कुत्रं घरात टिकत नाही. फक्त ते कुठे गेलं हे आम्हाला कळायचं थांबतं.

स्लाइडच्या क्रमाबाबत मी अजून कुणाचं मन वळवू शकलेलो नाही. पिल्लू पहिल्या स्लाइडवर ठेवलं की बोट तिथेच थांबतं आणि पुढच्या सगळ्या चौकशा पिल्लाच्याच होतात. मी मोठं कुत्रं आधी ठेवतो, तेही काळं, फोटोत नीट न दिसणारं. पिल्लं सातव्या-आठव्या स्लाइडवर, आणि त्यांच्या स्वभावाच्या जागी एकच ओळ: ‘अजून ठरायचा आहे.’