हॅव वेंट

‘आय हॅव वेंट’ हे वाक्य मी रायपुरात इतक्या वेळा वाचलं आहे, की आता ते चूक म्हणून डोळ्यांत खुपत नाही, ओळखीचा माणूस दिसावा तसं दिसतं. निवृत्तीनंतर घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. येणाऱ्या बहुतेक मुली नर्सिंगच्या. शाळा हिंदी माध्यमाची, घर कुणाचं अभनपूरकडचं, कुणाचं आरंगकडचं, एखादी आमच्यासारख्या नागपूरहून रेल्वेबरोबर आलेल्या मराठी कुटुंबातली. मेसेज करताना त्या सर्रास लिहितात, ‘मॅम, आय हॅव केम’, ‘सिस्टर हॅज रोट ड्यूटी लिस्ट’. काय म्हणायचं आहे ते समजतं. मेसेजपुरतं एवढं भागतंही.

मात्र दोन वर्षांपूर्वी एका मुलीला ते महागात पडलं. एका खाजगी रुग्णालयात तिने नोकरीसाठी अर्ज केला होता. पत्राची सुरुवातच ‘आय हॅव वेंट थ्रू युअर ॲडव्हर्टाइजमेंट’ अशी. मुलाखतीला बसलेल्यांनी ते पत्र एकमेकांकडे दिलं, हसले, आणि तिला वॉर्डातलं काहीही न विचारता दहा मिनिटांत बाहेर पाठवलं. ती सरळ माझ्याकडे आली. रडली नाही. तिने विचारलं, “मॅडम, मतलब तो समझ गए थे ना वो लोग?”

समजले होते, यात शंका नाही. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही ते पत्रच समोर ठेवलं.

पत्रात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ असलेली सहा वाक्यं होती. हॅव वेंट थ्रू, हॅव केम टु नो, हॅव वर्क्ड, हॅव गेव्ह, हॅव कम्प्लीटेड आणि शेवटी मेट्रन हॅज रोट. चार चुकीची, दोन बरोबर. वरवर पाहता मुलीला एक तृतीयांश येतं असं वाटेल. पण बरोबर असलेली दोन क्रियापदं कोणती ते पाहा. वर्क्ड आणि कम्प्लीटेड. त्यांचं साध्या भूतकाळातलं रूप आणि ‘हॅव’नंतरचं रूप एकच असतं. म्हणजे ती तिथेही तेच करत होती जे ‘वेंट’ला केलं, फक्त तिथे ते उघडं पडलं नाही. टॉट, मेड, ब्रॉट, केप्ट यांचंही तसंच. अशा क्रियापदांवर परीक्षा घेतली तर मूल पैकीच्या पैकी मिळवतं आणि शिक्षकाला वाटतं, आलं. जिथे दोन रूपं वेगळी आहेत, गो, कम, गिव्ह, टेक, सी, राइट, ईट, स्पीक, तिथेच खरं कळतं. तिला सहापैकी चार संधी मिळाल्या होत्या आणि चारही वेळा तिने न चुकता एकच नियम लावला होता.

न चुकता हा शब्द मी मुद्दाम वापरते. अंदाजाने लिहिणारा माणूस कधी गॉन लिहील, कधी वेंट. ही मुलगी तसं करत नव्हती. तिच्या डोक्यात ‘हॅव’ म्हणजे ‘है’, आणि ‘है’च्या आधी भूतकाळाचं रूप. ‘मैं गई’, ‘मैं गई हूँ’. आपल्या मराठीतही हेच. मी गेले. मी गेले आहे. मी लिहिलं. मी लिहिलं आहे. क्रियापद जागचं हलत नाही, मागे ‘आहे’ येऊन बसतं एवढंच. इंग्रजीत या दोन कामांसाठी दोन खण आहेत, आपल्याकडे एकच. एकाच खणातून दोन्ही कामं करणाऱ्या माणसाने ‘आय वेंट’च्या मध्ये ‘हॅव’ घातलं तर त्याने आपल्या भाषेचं गणित अगदी बरोबर सोडवलेलं असतं.

शाळेत मात्र सांगतात की गो-वेंट-गॉन हे अनियमित क्रियापद आहे, म्हणून अवघड, म्हणून घोका. मला हे निदान पटत नाही. अनियमितपणाला आपली मुलं घाबरत नाहीत. मराठीत ‘जा’ आणि ‘गेला’ यांचा तरी काय संबंध आहे? ‘जा’ हा संस्कृतातल्या ‘या’ धातूचा वंशज, ‘गेला’ हा ‘गत’चा. दोन वेगळ्या धातूंचा संसार आपण एकाच क्रियापदात मांडला आहे आणि तीन वर्षांचं पोरही तो बिनचूक चालवतं. इंग्रजीतही तसंच झालं. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, ते ‘गो’ने आपल्याकडे ओढून घेतलं. ‘गॉन’ मात्र ‘गो’चं घरचं राहिलं. मुलींना हे सांगितलं की त्या हसतात, “मतलब वेंट किराएदार है!” किराएदारच. आणि भाडेकरूला ‘हॅव’च्या खोलीत जाता येत नाही.

मराठी माणूस मराठीत चुकतो तो निराळ्या जागी. सांगितलं ऐवजी ‘सांगलं’, मागितलं ऐवजी ‘मागलं’, म्हटलं ऐवजी ‘म्हणलं’, लिहिलं ऐवजी ‘लिहलं’. आमच्या रायपूरच्या मराठीत हे भरपूर आहे, आणि पुण्याहून येणारे मेसेज वाचते तेव्हा तिथेही कमी नाही. इथे अनियमित रूप झिजून नियमित होतं. जुन्या मराठीतलं ‘धरिले’, ‘मारिले’ असंच झिजून ‘धरले’, ‘मारले’ झालं, त्याला आज कुणी चूक म्हणत नाही. ‘लिहलं’ त्याच वाटेवर आहे. पण ‘आहे’ लागल्याने रूप बदलायला हवं होतं आणि बदललं नाही, ही चूक मराठीत करताच येत नाही, कारण तशी जागाच नाही.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही ‘हॅव वेंट’ म्हणतात, हे मुलींना ऐकून बरं वाटतं. अठराव्या शतकात तर ‘हॅव रोट’ चांगल्या शिकलेल्या इंग्रजांच्या लिखाणातही येत असे. 1762 साली रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणात असल्या रूपांवर बोट ठेवलं, तेव्हा उदाहरणांसाठी त्यांना अडाण्यांकडे जावं लागलं नाही, नामवंत लेखकच पुरले. मात्र त्यांची चूक आणि आमची चूक दिसायला सारखी असली तरी घराणं वेगळं. ओळखायची खूण सोपी आहे. ‘वी सीन’, ‘आय डन’ अशी ‘हॅव’शिवायची रूपं इंग्रजी बोलीत खूप चालतात. माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत वाढतो आहे, तो मला ‘वी सीन द फॉल्स’ असं लिहितो, कारण त्याने ते शेजारच्या पोरांच्या तोंडून ऐकलं आहे. रायपूरच्या वह्यांत हे रूप मला जवळजवळ सापडत नाही. इथे सापडतं ते ‘आय डिड नॉट वेंट’. ‘नहीं गई’ मधली ‘गई’ हलत नाही, म्हणून वेंटही हलत नाही. ज्या वहीत ‘हॅव वेंट’ आणि ‘डिड नॉट वेंट’ शेजारी शेजारी आहेत, तिथे हिंदी किंवा मराठी बोलते आहे असं समजावं.

आणखी एक खूण ‘केम’ची. सगळ्यात चिवट चूक ‘हॅव केम’ हीच. ‘गॉन’ दोन आठवड्यांत येतं, ‘हॅव कम’ दोन महिने येत नाही. कारण तिथे बरोबर उत्तर मूळ रूपासारखंच दिसतं, आणि काम झालेलं असताना ‘ये’ लिहायचं कसं, हे मनाला मानवत नाही. आपल्या ‘आला’मध्ये ‘ये’ कुठे दिसतो?

उपाय मला हिंदीतून सापडला नाही, मराठीतूनही नाही. त्या अर्जवाल्या मुलीच्या घरची भाषा छत्तीसगढी. तालिका पुन्हा पुन्हा म्हणून ती कंटाळली होती. मी सहज विचारलं, घरी आईला ‘चिठ्ठी लिहिली’ कसं सांगशील? “मैं चिट्ठी लिखेंव.” आणि लिहून ठेवली आहे, तयार आहे, असं? “मैं चिट्ठी लिखे हंव.” गेले? “गेंव.” गेलेली आहे? “गे हंव.” पाहिलं? “देखेंव.” पाहिलेलं आहे? “देखे हंव.”

मग मी विचारलं, ‘लिखेंव हंव’ म्हणशील का? ती खो खो हसली. “ऐसा कौन बोलता है, मैडम!”

छत्तीसगढीत दोन खण आहेत. लिखेंव एका खणात, लिखे दुसऱ्या, आणि ‘हंव’ फक्त दुसऱ्यालाच लागतं. रोट आणि रिटनची विभागणी अगदी तीच. ‘हॅव रोट’ हे तिच्या कानाला ‘लिखेंव हंव’ इतकं हास्यास्पद वाटायला हवं होतं, पण इंग्रजी शिकताना तिला कुणी घरची भाषा वर्गात आणूच दिली नव्हती. शाळेत ती आधी हिंदीत भाषांतर करायची, मग हिंदीतून इंग्रजीत, आणि दोन खणांचा तो भेद हिंदीच्या टप्प्यावर गळून पडायचा. याच रायपूर-धमतरी भागातल्या हिरालाल काव्योपाध्यायांनी छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं, ग्रियर्सन यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि 1890 मध्ये ते एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. तरी आमच्या मुली ‘हमारी भाषा में व्याकरण नहीं है’ असं शांतपणे सांगतात.

त्या दिवसापासून वहीच्या डाव्या पानावर लिखेंव, गेंव, देखेंव, देंव आणि त्यांच्यासमोर रोट, वेंट, सॉ, गेव्ह. उजव्या पानावर लिखे हंव, गे हंव, देखे हंव, दे हंव आणि हॅव रिटन, हॅव गॉन, हॅव सीन, हॅव गिव्हन. मराठी मुलींना हे शेजारणीकडून उसनं घ्यावं लागतं, त्यांना थोडा उशीर होतो. खण छत्तीसगढी देते, पण खणात काय ठेवायचं ते देत नाही. टेकन, स्पोकन, ब्रोकन ही रूपं शेवटी पाठच करावी लागतात. नर्सिंगच्या कामाला लागतील अशी वीसेक क्रियापदं मी निवडली आहेत, बाकीची सोडून दिली. कट, पुट, हर्ट शेवटी ठेवते, तिथे तिन्ही रूपं एकच, शिकायला काही नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या एका रुग्णालयात आहे, रात्रपाळीला. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, ‘मॅम, आय हॅव गिव्हन माय एक्झाम यस्टरडे.’ गिव्हन बरोबर. ‘एक्झाम देणं’ आपल्याकडचं, तेही सोडून देऊ. पण ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ इंग्रजीत एका वाक्यात नांदत नाहीत, आणि इथे ना मराठी मदतीला येते ना हिंदी. रविवारी तिला बोलावलं आहे. त्याआधी कामवाल्या मावशींना विचारायचं आहे, ‘काली’ म्हणताना त्या ‘गे हंव’ म्हणतात की ‘गेंव’.