दूध स्वस्त मिळालं, मग कुंदा महाग का पडला?

बी.कॉम.च्या वर्गात 'स्टँडर्ड कॉस्टिंग' शिकवायला घेतलं की मुलं सूत्रं पाठ करतात, गणितंही सोडवतात. पण 'मटेरियल प्राइस व्हेरिअन्स' आणि 'मटेरियल यूसेज व्हेरिअन्स' वेगवेगळे का काढायचे, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. त्यांच्यासाठी मी अलीकडे एक घरगुती उदाहरण वापरते, आणि तेही आपल्या बेळगावी कुंद्याचं.

आमच्या ओळखीच्या एका घरात दोघे भाऊ मिळून कुंदा करतात. थोरल्याला सगळे अण्णा म्हणतात, धाकट्याला तम्मा. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. दूध आणि साखर अण्णांनी आणायची, कढईपाशी तम्माने उभं राहायचं, अशी वाटणी. त्यांचं ठरलेलं माप असं: एक किलो कुंद्याला म्हशीचं चार लिटर दूध, लिटरला ६० रुपये. म्हणजे किलोमागे दुधाचा खर्च २४० रुपये. यालाच आपण 'स्टँडर्ड' म्हणतो. साखर सध्या बाजूला ठेवू.

एका महिन्यात ६० किलो कुंदा करायचा बेत होता, म्हणजे दुधाला १४,४०० रुपये लागणार होते. महिना संपला तेव्हा दुधाचं बिल १२,५४० रुपये झालं होतं. शिवाय अण्णांनी नवीन गवळी धरून दूध ५७ रुपयांनी मिळवलं होतं. त्यामुळे अण्णा खूश. पण हाती नेहमीसारखे पैसे उरेनात. अव्वांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "लेक्क सरी, मग दुड्डू कुठं गेले?"

लेक्कही सरी नव्हतं. कुंदा झाला होता ५० किलोच. तेव्हा तुलना ६० किलोच्या खर्चाशी करून चालत नाही. ५० किलोला मापाप्रमाणे २०० लिटर दूध, म्हणजे १२,००० रुपये लागायला हवे होते. झाले १२,५४०. म्हणजे बचत दूरच, ५४० रुपये जास्त गेले होते. जेवढा माल प्रत्यक्ष तयार झाला तेवढ्यालाच माप लावायचं, ही या हिशेबाची पहिली पायरी, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी चुकते.

आता या ५४० रुपयांची फोड करू. प्रत्यक्षात दूध लागलं २२० लिटर. दर लिटरला तीन रुपये वाचले, म्हणून २२० गुणिले तीन, ६६० रुपयांचा फायदा. ही किमतीची तफावत. दुसरीकडे २०० लिटरच्या जागी २२० लिटर लागलं. जास्तीच्या २० लिटरचे ठरलेल्या ६० रुपयांच्या दराने १,२०० रुपये नुकसान. ही वापराची तफावत. १,२०० मधून ६६० वजा केले की बरोबर ५४० उरतात.

वापराच्या तफावतीला ५७ चा दर न लावता ६० चा का लावायचा? कारण दर कमी-जास्त होणं कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नसतं. त्याच्या खात्यावर त्याने वापरलेले लिटरच मोजायचे. याची दुसरी बाजूही आहे. अण्णांच्या ६६० रुपयांत ६० रुपये हे जास्त लागलेल्या वीस लिटरवरचे आहेत. दूध जितकं वाया जाईल तितकी खरेदीतली 'बचत' फुगत जाते! म्हणून मी त्यांची बचत ६०० रुपयेच धरते.

एवढ्यावर घरात वाद पेटला. तम्मा म्हणाला, नवीन दूध पातळ आहे. अण्णा म्हणाले, तू दूध करपवतोस. वही इथे गप्प बसते. वीस लिटर जास्त गेलं एवढंच ती सांगते, का गेलं ते सांगत नाही. लॅक्टोमीटरवरही फार विसंबता येत नाही. पाणी घातलं की दुधाची घनता कमी होते, पण साय काढली की ती वाढते. दोन्ही बेताने केलं तर काटा नेहमीच्याच जागी दिसतो.

मग अव्वांनीच साधा उपाय काढला. जुन्या गवळ्याचं एक लिटर आणि नव्याचं एक लिटर वेगवेगळं आटवून खवा तोलला. जुन्याचा २२० ग्रॅम भरला, नव्याचा २१०. या हिशेबाने जुन्या दुधाचं जे काम २०० लिटरांत होतं त्याला नवीन दूध सुमारे साडेनऊ लिटर जास्त लागतं. म्हणजे वापराच्या १,२०० रुपयांतले ५७० च्या आसपास दुधाच्या पातळपणाचे. अण्णांची बचत ६००, पातळपणाचा तोटा ५७०. जवळपास फिटंफाट.

राहिले साडेदहा लिटर, ६३० रुपये. ते कढईच्या बुडाशी सापडले. थोडी खरवड चार लिटरच्या मापात धरलेलीच असते. पण तम्माने पुढच्या काही कढयांची खरवड साखर घालण्याआधी काढून तोलली, तर दर कढईला नेहमीपेक्षा दोनशे ग्रॅमहून थोडी जास्त निघाली. महिन्याला दहा कढया होतात, म्हणजे दोन किलोंवर खवा. साडेदहा लिटर दुधाचा खवा तेवढाच भरतो.

म्हणजे दोष तम्माचा? तिथेच हे प्रकरण रंगतं. पूर्वी कढईत वीस लिटर दूध पडायचं, आता तेवढाच कुंदा निघावा म्हणून बावीस लिटर घालावं लागत होतं. आटायला दहा-बारा मिनिटं जास्त लागत. गिऱ्हाईक ठरल्या वेळी दारात उभं राहणार म्हणून तम्मा आच वाढवत होता. आच वाढली की दूध बुडाला धरायचं, आणि धरलं की पुढच्या खेपेला आणखी थोडं दूध घालावं लागायचं. जास्तीचा गॅस लागला तो वेगळाच. तो दुधाच्या हिशेबात येत नाही, गॅसच्या बिलात जाऊन बसतो.

मी मुलांना हेच सांगते की या दोन तफावती रुपयांची वाटणी अगदी चोख करतात, पण कारणांची वाटणी त्यांना करता येत नाही. खरेदीला शाबासकी आणि उत्पादनाला दटावणी, असा निकाल कागद पाहून दिला तर तो अन्यायाचा ठरू शकतो. कारखान्यातही हेच होतं. खरेदी विभाग हलकं भंगार स्वस्तात आणतो आणि फाउंड्रीत ते वितळताना जास्त घट होते.

मापही दगडावरची रेघ नव्हे. ऋतू बदलला, चारा बदलला की दुधातला घट्टपणा बदलतो. दिवाळीत ठरवलेले चार लिटर उन्हाळ्यात अपुरे पडले तर त्यात कुणाचा दोष नसतो. म्हणून खव्याची ती एक लिटरची चाचणी अव्वा आता दर महिन्याला करतात.

कुंद्यासाठी पुन्हा जुन्या गवळ्याचं ६० रुपयांचं दूध येतं. नव्याचं घरच्या चहाला चालतं. कढईत पुन्हा वीसच लिटर पडतं, आणि वहीत दर कढईपुढे तीन आकडे लिहिले जातात: दूध किती घातलं, कुंदा किती निघाला आणि खरवड किती.