वाचणारा आणि ऐकणारी

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो. परंतु आमच्या घरी दत्तजयंती सुरू होई ती सात दिवस आधी, ‘गुरुचरित्रा’च्या पोथीचे वस्त्र सुटले की. पारायणाचा सातवा दिवस जयंतीलाच यावा, म्हणून आजोबा पंचांगात मागे मोजत जात. मोजायचे ते दिवस, तिथी नव्हेत. मध्ये एखाद्या तिथीचा क्षय असला तर तिथी मोजणाऱ्याला एक दिवस कमी पडतो.

वाचनाची वाटणीही ठरलेली असे. पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, मग क्रमाने २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी अवघे तीन, हे मला लहानपणी विचित्र वाटे. पण आचारधर्म सांगणारा छत्तिसावा अध्याय इतका दीर्घ आहे, की अध्यायांची समान वाटणी करणारा तेथेच अडतो.

आजोबा वाचत आणि आजी भिंतीशी बसून ऐके. स्त्रियांनी ही पोथी वाचू नये, असा संकेत अनेक घरांत होता, तसा आमच्याही होता. मात्र ओवी वाचताना आजोबांचा एखादा शब्द गळला, की आजी हलकेच तो पुरवी. चौथ्या अध्यायातील अनसूयेची कथा तिच्या विशेष आवडीची. सत्त्व पाहायला अतिथी म्हणून आलेल्या तिन्ही देवांची तिने बालके केली. पुढे ब्रह्मा चंद्ररूपाने आणि शिव दुर्वासरूपाने निघून गेले, आणि त्रिमूर्ती दत्त तिच्यापाशी राहिला. देवघरातल्या तसबिरीतील तीन मुखे आणि सहा हात पाहून आम्ही प्रश्न विचारत असू. आजी म्हणे, “अरे, तिघांना एका मांडीवर घ्यायचं, तर असंच दिसणार!”

पुढे आजोबांची दृष्टी मंदावली. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. त्या वर्षी सप्ताह खंडित होणार, असे आम्ही धरून चाललो होतो. आजोबांनी मात्र पोथीचा चौरंग आजीसमोर सरकवला. ओळखीच्या एका गृहस्थांनी हरकत घेतली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “चाळीस वर्षं तिनंच ऐकलंय. माझ्यापेक्षा पोथी तिला अधिक येते.”

चौथ्या दिवशी पस्तिसावा अध्याय आला. स्त्रियांना मंत्र का देऊ नये, याचे विवेचन त्यातच आहे. आजीने एकही ओवी न गाळता तो वाचला. आवाज चढला नाही की उतरला नाही. अध्याय संपल्यावर ती म्हणाली, “लिहिलंय ते वाचलं. आता पुढे सीमंतिनीने सोमवारचं व्रत केलं, तेही त्यातच लिहिलंय.” आजोबा हसले.

‘गुरुचरित्रा’त सिद्ध सांगतो आणि नामधारक ऐकतो. नामधारकाने विचारल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. सरस्वती गंगाधरांनी रचलेल्या या ग्रंथात श्रोत्याचे आसन वक्त्याच्या आसनाहून उणे नाही, हे मला अभ्यासातून नव्हे, तर त्या सात दिवसांत, भिंतीशी बसून ऐकणाऱ्या आजोबांकडे पाहताना उमगले.