तिळा, दार उघड

आमच्या घरात ‘मामा’ म्हणजे आई. अलेक्झांड्रियाच्या घराघरांत मुले आईला अशीच हाक मारतात. बाप मात्र समुद्राच्या दोन्ही काठांवर ‘बाबा’च असतो. शिरगावात माझ्या मुलीने अंगणातून ‘मामा, मामा’ अशी आरोळी दिली, की शेजारच्या काकू कौतुकाने विचारतात, “अगं, मामा कधी आले?”

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. त्याआधी सहा वर्षे आखातात होतो आणि तिथेच माझे लग्न झाले. पत्नी इजिप्तची. तिच्या दृष्टीने आमचे गाव हाच परदेश, आणि या परदेशात ती एका मुलीला अरबी शिकवते आहे. सुरूच्या बनापासून पालघर स्टेशनापर्यंत या मुलीशी अरबीत बोलणारे दुसरे माणूस नाही. पलीकडे एक आजी आहे. मुलगी तिला ‘तेता’ म्हणते. तिला अरबीवाचून दुसरी भाषा येत नाही. नात अरबी बोलेनाशी झाली, तर त्या दोघींमध्ये हात हलवण्यापलीकडे काही उरणार नाही.

अडचण अशी की ‘अरबी’ ही एकच भाषा नव्हे. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाभ्यासकाने 1959 साली ‘डायग्लोसिया’ या लेखात जी चार उदाहरणे घेतली, त्यांत अरबी होती. एकाच समाजात लेखनाची आणि औपचारिक प्रसंगांची भाषा वेगळी, घरातली वेगळी. पुस्तकातल्या अरबीला ‘फुस्हा’ म्हणतात, घरातल्या बोलीला ‘आम्मिय्या’. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि किनाऱ्यावरची बोली यांत अंतर आहेच. माझ्या आईचे बोलणे आणि मुलीचे बालभारतीचे पुस्तक शेजारी ठेवले की ते दिसते. पण प्रमाण मराठी ज्यांची घरातलीच भाषा आहे, अशी कुटुंबे पुष्कळ सापडतात. फुस्हा मात्र कोणत्याही आईच्या तोंडून बाळाला सहसा मिळत नाही. ती शाळेत, पुस्तकात, बातम्यांत भेटते.

एक साधे वाक्य घेऊ. ‘मुलाला आता खिडकी उघडायची आहे.’ पुस्तकात असते : युरीदु अल-वलदु अन यफ्तह अन-नाफिझा अल-आन. मुलीची आई म्हणेल : इल-वलद आयझ यिफ्तह इश्-शिब्बाक दिलवअ्ती. ‘वलद’ म्हणजे मुलगा, तो दोन्हीकडे तोच. ‘उघडणे’ हे क्रियापद थोड्या फरकाने तेच. पण ‘हवे असणे’, ‘खिडकी’ आणि ‘आता’ हे तिन्ही शब्द निराळे. म्हणजे बोली उत्तम येणाऱ्या मुलालाही हे वाक्य वाचताना निम्मे परके वाटते, आणि ‘मला अरबी येत नाही’ असे त्याला वाटू लागते. मला वाटते, परदेशातली पुष्कळ मुले याच उंबरठ्यावरून मागे फिरत असावीत.

पत्नीने यावर काढलेला मार्ग मला पटतो. सोमवार, बुधवार आणि गुरुवार, रात्री जेवणाआधी वीस मिनिटे. ती गोष्टीचे एक पान फुस्हात मोठ्याने वाचते. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगते. शेवटी मुलीने ती सांगायची, कोणत्याही रूपात. गेल्या पावसाळ्यात खिडकीचे ते वाक्य आले, तेव्हा मुलगी ‘नाफिझा’पाशी अडली. आईने अर्थ सांगितला नाही; नुसते खिडकीकडे बोट केले. मुलगी म्हणाली, “म्हणजे शिब्बाक!” मग तिने विचारले, “मग पुस्तकात शिब्बाक का नाही?” आई म्हणाली, “पुस्तक पाहुण्यांचे कपडे घालून येते.” त्या दिवसापासून घरात ‘घरचा शब्द’ आणि ‘पाहुण्यांचा शब्द’ अशी एक वही सुरू झाली. आठवड्याला पाच जोड्या, त्याहून अधिक नाही.

‘यफ्तह’ या शब्दाने मात्र माझीच दृष्टी उघडली. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. फ-त-ह म्हणजे उघडणे. त्यावरून ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली. अक्षरावर ‘अ’ हा ऱ्हस्व स्वर दाखवणाऱ्या तिरप्या रेघेचे नावही ‘फतहा’, कारण तो उच्चारताना तोंड उघडते. आपली ‘फत्ते’ याच धातूतून, फारसीच्या वाटेने आलेली. आणि अलीबाबाच्या गोष्टीतले ‘तिळा तिळा दार उघड’ अरबीत ‘इफ्तह या सिमसिम’ असे आहे. याच नावाची मुलांची मालिका 1979 साली कुवेतमधून फुस्हात सुरू झाली. मुलगी किल्लीला ‘मिफ्ताह’ म्हणते, तेव्हा तिच्या हाती नव्या शब्दांचीही किल्ली असते.

वाचनात खरा कस ऱ्हस्व स्वरांपाशी लागतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी लिहिलेली असते. अरबीत दीर्घ स्वरांना अक्षरे आहेत, पण ऱ्हस्व स्वरांच्या खुणा फक्त बालपुस्तकांत आणि धर्मग्रंथांत नियमाने छापतात. वर्तमानपत्रात क-त-ब ही तीन अक्षरे नुसती येतात. ती ‘कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिले’ आहेत की ‘कुतुब’ म्हणजे ‘पुस्तके’, हे वाक्यावरून ठरवायचे. म्हणून महिन्यातून एकदा आई वाचून झालेले पान खुणांशिवाय हाताने लिहून देते. मुलगी पाठांतराने म्हणत असेल, तर एखादा शब्द बदलताच ती जुनाच शब्द म्हणून पुढे जाते. खरोखर वाचत असेल, तर थांबते. ते थांबणे आम्हाला हवे असते. आमच्या ओळखीची काही मुले कुराणाचे पठण माझ्या मुलीपेक्षा कितीतरी सफाईने करतात. त्यांचा हेतू शुद्ध उच्चाराचा आहे आणि तो ती साधतात. भाषा समजणे ही निराळी वाट आहे.

लेखनात कानाची परीक्षा होते. अरबीत आपल्याला ‘स’सारखे ऐकू येणारे दोन वर्ण आहेत, साद आणि सीन. सादने लिहिलेला ‘सैफ’ म्हणजे उन्हाळा, सीनने लिहिलेला ‘सैफ’ म्हणजे तलवार. शनिवारी मुलगी तेताला तीन ओळींचा निरोप लिहिते. एकदा तिने कळवले, की आमच्याकडे तलवार फार गरम असते.

शुक्रवार हा इजिप्तमध्ये सुट्टीचा दिवस. आमच्या रात्री आठला तिकडे हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. 2023 पासून इजिप्तने उन्हाळी वेळ पुन्हा लागू केली; तेव्हापासून उन्हाळ्यात तिकडे साडेपाच होतात आणि तेता चहा घेऊन बसलेली असते. हे अर्ध्या तासाचे बोलणे आठवड्यातले सर्वांत महत्त्वाचे, कारण तिथे मराठीचा आधार नाही. आई खोलीत थांबत नाही. थांबली तर मुलगी तिच्याकडे वळून मराठीत शब्द विचारते. रविवारी अभ्यास नसतो. सिनेमा असतो : ‘लायन किंग’ इजिप्तच्या बोलीत, ‘फ्रोजन’ फुस्हात. मुलीला पहिला आवडतो, कारण त्यातले विनोद तिला घरचे वाटतात.

माझी पाळी दुपारची असते त्या आठवड्यात घरात अरबी वाढते. सकाळपाळीच्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी असतो आणि मराठीचा पूर येतो. मुलगी आईलाही मराठीत उत्तर देते, कारण आईला मराठी कळते हे तिला ठाऊक आहे. न कळल्याचे सोंग आई करत नाही. मुलीचे वाक्य ती अरबीत सहज पुन्हा म्हणते आणि बोलणे पुढे नेते. “मला पाणी हवंय.” “आयझा मय्या? ताली.” कधी मुलगी ते वाक्य उचलते, कधी नाही. एका हितचिंतकाने सल्ला दिला होता, की दोन भाषांत मूल गोंधळते, तिसरी सोडून द्या. पत्नी त्यावर एवढेच म्हणाली, “मग मी तिच्याशी कोणत्या भाषेत रागावू?”

शाळेतले शब्द ही आमची उघडी बाजू आहे. बेरीज, प्रदूषण, ग्रामपंचायत हे मुलीकडे फक्त मराठीत आहेत; स्वयंपाकघर, आजारपण, लाड आणि राग अरबीत. या वर्षीपासून पत्नी मंगळवारी विज्ञानाच्या पुस्तकातले एक चित्र घेऊन त्याविषयी अरबीत बोलते. मागच्या मंगळवारी जलचक्र होते. ‘बाष्पीभवन’ला अरबीत काय म्हणतात, ते मुलीने शुक्रवारी तेतालाच विचारले. तेताने क्षणभर विचार केला आणि किटलीचे झाकण उचलून दाखवले.