शनिवार-रविवारचं बिऱ्हाड

आमच्या मामेभावाची सांगलीजवळ व्हॉल्व्ह बनवायची छोटी कंपनी आहे. माणसं आठ, ईमेलचे पत्ते सहा आणि वेबसाइट जेमतेम दहा पानांची. जुन्या होस्टिंगवाल्याकडे सर्व्हर वरचेवर झोपायचा, म्हणून बिऱ्हाड हलवायचं ठरलं आणि घरातला "कॉम्प्युटरवाला" म्हणून ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. दादाची अट एकच होती. "साइट दोन दिवस बंद राहिली तरी चालेल, पण रियाधच्या पार्टीची मेल चुकता कामा नये." मोठी ऑर्डर त्या आठवड्यात यायची होती.

दादाचं म्हणणं बरोबरच होतं. साइट बंद पडली तर लगेच दिसतं. मेल हरवली तर दिसतच नाही! म्हणून माझ्या चेकलिस्टमध्ये वेबसाइटला तीन ओळी होत्या आणि बाकीचं पान मेलचं.

पहिली ओळ होती, "नेमसर्व्हरला हात लावायचा नाही." नवा होस्ट पहिल्याच मेलमध्ये सांगतो की आमचे नेमसर्व्हर टाका, की झालं. पण .com च्या रजिस्ट्रीत ही नोंद दोन दिवस साठवून ठेवायची मुभा असते आणि ती मुदत आपल्याला कमी करता येत नाही. म्हणजे शुक्रवारी बदल केला तर रविवार रात्रीपर्यंत निम्मं जग जुन्या पत्त्यावर आणि निम्मं नव्या. त्यापेक्षा जुन्याच नेमसर्व्हरवर राहून आतल्या नोंदी बदलाव्यात. त्या नोंदींची मुदत, म्हणजे टीटीएल, आपल्या हातात असते. आमच्याकडे ती १४४०० सेकंद, म्हणजे चार तास होती. बुधवारीच ती ३०० केली. हे आधी करायचं कारण असं की ज्यांनी जुनी नोंद साठवलेली आहे ते चार तास तीच वापरणार. आयत्या वेळी कमी करून काही उपयोग नाही.

बुधवारचं दुसरं काम म्हणजे मेल आणि साइट यांची गाठ सोडवणं. मेल कुठे टाकायची हे सांगणारी एमएक्स नोंद थेट डोमेनच्याच नावाकडे बोट दाखवत होती. छोट्या कंपन्यांच्या होस्टिंगवर बहुतेक वेळा असंच असतं. मग साइटचा पत्ता बदलला की मेलही फरफटत मागे जाते. म्हणून `mail.example.com` ही स्वतंत्र नोंद जुन्याच सर्व्हरच्या आयपीवर केली आणि एमएक्स तिच्याकडे वळवली (खरं डोमेन इथे देत नाही, समजून घ्या). सगळ्यांच्या फोनमध्ये आणि आउटलुकमध्ये सर्व्हरचं नावही हेच होतं. नव्या जागी पासवर्ड तेच ठेवले, त्यामुळे कुणाच्या सेटिंगला हात लावावा लागला नाही.

गुरुवारी नव्या होस्टवर सहाही पत्ते उघडले आणि रात्री जुन्या पेट्या नव्यात ओतायला घेतल्या. त्यासाठी इमॅपसिंक वापरलं:

```
imapsync --host1 192.0.2.10 --user1 sales@example.com --passfile1 p1 \
  --host2 198.51.100.20 --user2 sales@example.com --passfile2 p2
```

दोन्हीकडे नावाऐवजी आयपी मुद्दाम दिलाय, कारण नाव उद्या फिरणार आहे. याची खुबी अशी की तीच कमांड पुन्हा चालवली तर आधी नेलेल्या मेल ते सोडून देतं आणि फक्त नव्या आणतं.

अकाउंट्सच्या काकूंच्या पेटीत मात्र अवघ्या नऊ मेल निघाल्या. त्यांचं आउटलुक पॉपवर होतं. मेल उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरची पुसून टाकायची, अशी ती पद्धत. बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या त्या एका कॉम्प्युटरवर! तिथे नेण्यासारखं काही नव्हतं. त्यांची पीएसटी फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घेतली आणि काकूंना सांगितलं, "आउटलुकमधलं अकाउंट कुणी कितीही सांगितलं तरी डिलीट करायचं नाही."

आता शुक्रवार. आपला शनिवार-रविवार हा रियाधचा नाही, हे दादामुळे माहीत होतं. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी सकाळी ऑफिस सुरू होतं. म्हणजे आपल्याकडचे साडेदहा. तोवर सगळं स्थिरस्थावर हवं. शुक्रवारी रात्री नऊला साइटची नोंद नव्या आयपीवर नेली. साइट आधीच `hosts` फाइलमध्ये नवा आयपी लिहून माझ्या लॅपटॉपवर तपासलेली होती, त्यामुळे तिच्यात फार वेळ गेला नाही. दहाला `mail` ची नोंद फिरवली. एसपीएफमध्ये, म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात या यादीत, दोन्ही आयपी ठेवले. यादी दोन सर्व्हरची असली तरी नोंद एकच हवी. दोन वेगळ्या नोंदी केल्या तर दोन्ही निकामी ठरतात.

शनिवारी सकाळी जीमेलवरून मेल पाठवली, आली. माझ्या ऑफिसातून पाठवली, आली. दादाच्या सीएंनी पाठवलेली मात्र येईना. परतही गेली नाही. त्यांच्याकडे "पाठवली" असंच दिसत होतं. आणि ती सापडली कुठे, तर जुन्या पेटीत. टीटीएल तर केव्हाच संपलं होतं.

कारण मजेशीर आहे. सीए, पॅकिंगवाला आणि दादा या सगळ्यांच्या साइट गावातल्या एकाच वेब डिझायनरने केल्या होत्या, एकाच होस्टच्या एकाच सर्व्हरवर. तो सर्व्हर आमचं डोमेन अजून आपलंच समजत होता. शेजाऱ्याची मेल बाहेर कशाला पाठवायची, म्हणून एमएक्स न बघताच आतल्या आत टाकून मोकळा! यावर सीपॅनलमध्ये `Email Routing` असतं, तिथे `Local Mail Exchanger` च्या जागी `Remote Mail Exchanger` निवडायचं. पण हे शुक्रवारी रात्रीच करायचं नसतं. तसं केलं की जुना सर्व्हर आमच्या नावाची मेल घेईनासा होतो, आणि ज्यांच्याकडे अजून जुनी नोंद साठवलेली आहे त्यांची मेल परत जाते. पेटीत पडलेली मेल उचलून आणता येते, परत गेलेली नाही. म्हणून ते शनिवारी रात्रीवर ठेवलं. त्याआधी एकदा ही कमांड चालवून पाहिली,

```
nslookup mail.example.com 8.8.8.8
```

आणि नवा आयपी दिसल्यावर `Remote` केलं. मग इमॅपसिंक पुन्हा चालवलं. सहा पेट्यांत मिळून एकवीस मेल मागे राहिलेल्या निघाल्या. सीएंची होती, पॅकिंगवाल्याच्या तीन बिलांची होती, बाकीचा बराचसा कचरा.

रियाधची मेल रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी नव्या पेटीत आली. दादाने फोनवर एवढंच सांगितलं, "आली रे. भाव कमी करून मागतोय." :)

पुढच्या आठवड्यात नव्या नेमसर्व्हरवर सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, ओळीला ओळ ताडून पाहिल्या, आणि मगच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदलले. दोन्हीकडे एकच उत्तर असल्यामुळे ते दोन दिवस कुणाला कळलेही नाहीत. जुन्या होस्टिंगचे पैसे आणखी एक महिना भरायला लावले आहेत. दादा कुरकुरतोय, पण काकूंच्या त्या पीएसटीची दुसरी प्रत होईपर्यंत मी ते बंद करू देणार नाही.