फळीवरचा माल वहीत जाऊन बसला

बेळगावातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी गल्लीतल्या किराणा दुकानात हिशेब म्हणजे दोनच वस्तू. एक गल्ला, दुसरी उधारीची वही. शहापुरात आमच्या शेजारी असंच एक दुकान होतं. गोष्ट १९७०च्या दशकातली. मी बँकेत नुकताच लागलो होतो. दुकानदार काकांचं गणित सरळ होतं: रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे देऊन गल्ल्यात जे उरेल तो नफा. पण अलीकडे गल्ल्यात काहीच उरत नव्हतं, आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मालात घालायचं काका बोलू लागले होते.

ही मुलगी, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, मॅट्रिक होऊन घरीच होती. माझी बी.कॉम.ची पुस्तकं तिने मागून नेली. दिवसा दुकान आणि घरकाम, रात्री जेवणं उरकल्यावर कीर्द आणि खतावणी. अडलं की दुसऱ्या दिवशी मला विचारायची.

पहिल्यांदा तिला नावे-जमा समजेना. मी म्हटलं, "दुकान हा घरापेक्षा वेगळा माणूस आहे असं समज. तुझ्या आईने डब्यातून साखर नेली, तर ती दुकानाने घराला दिली." तेवढ्यावर तिची गाडी सुरू झाली. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जातो, म्हणून शेवटी नावेची आणि जमेची बेरीज सारखी यायला हवी. हीच तेरीज. एकदा नव्वद रुपयांचा फरक आला. फरकाला नऊने भाग जातो तेव्हा बहुधा आकडे उलटे पडलेले असतात. शोधलं तर ५४०चे ४५० झाले होते. मात्र उधार दिलेलं लिहायचंच राहिलं, तर तेरीज तरीही जुळते. म्हणून तिने काउंटरवर कच्ची वही ठेवली. माल हातातून सुटायच्या आधी नोंद.

महिना संपला तेव्हा तिने फळ्यांवरचा माल मोजला आणि वडिलांसमोर कागद ठेवला. सुरुवातीला माल ६,००० रुपयांचा, खरेदी ८,०००ची, शिल्लक ५,५००ची. घरात २०० रुपयांचा माल गेलेला. म्हणजे ८,३०० रुपयांचा माल विकला गेला, तो ९,३००ला. हजार रुपये सुटले. भाडं, पोऱ्याचा पगार, हमाली, लाईट मिळून ३५० गेले. नफा ६५०.

"मग पैसे कुठायत?" काका म्हणाले.

तिने दुसरा कागद दाखवला. घरात मालासकट ६०० रुपये गेले होते. उधारी दिली ३,३००ची, वसूल झाली २,७००. ती ६००ने वाढली होती. तेवढे पैसे अडकल्यावर खरेदी कमी पडली, माल ५००ने घटला, आणि तरीही व्यापाऱ्याचं देणं ५०ने वाढलंच. "आप्पा, दुकान तोट्यात नाही. आपल्या फळीवरचा माल वहीत जाऊन बसलाय. लग्नाचे पैसे घातले तर तेही तिथेच जातील."

काका दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. पण गिऱ्हाईक तुटलं तर बघ."

गिऱ्हाईक तुटलंच, खोटं कशाला सांगू! तीन-चार घरं दुसऱ्या दुकानात गेली. तिने उधारी जुनेपणाने वेगळी काढली होती. तीन महिन्यांवर थकलेल्याला नवीन उधार बंद, जुनं थोडं थोडं फेडायचं. विणकरांच्या घरांना मात्र मजुरी हातात आली की फेडायची मुदत. ते चुकत नसत. घराला महिन्याचे ४०० रुपये ठरवून दिले, वरचा गूळसुद्धा आईच्या नावे पडायचा. आई आधी चिडली, "माझ्या दुकानातला गूळ मलाच नावे?"

वर्षभरात उधारी निम्म्यावर आली. रोख पैसे दिल्यावर घाऊक व्यापारी भावात सूट देऊ लागला, ती उधारीवर कधीच मिळत नव्हती. पुढे त्याच वह्या दाखवून काकांना बँकेची कॅश क्रेडिट मिळाली. तेव्हाही तिने त्यांना समजावलं की बँक आधी मालातून व्यापाऱ्याचं देणं वजा करते, उरलेल्यावर मार्जिन कापते, आणि मगच उचल देते. फळी रिकामी तर उचलही कमी.

लग्नाचे पैसे लग्नालाच लागले. आक्का धारवाडला सासरी गेली. जाण्याआधी सहा महिने तिने आईला रोज रात्री शेजारी बसवून कीर्द लिहायला शिकवली. चौथी शिकलेल्या काकूंनी पुढे बरीच वर्षं ती लिहिली. अक्षर वाकडं, पण तेरीज जुळलेली. घरखर्चाच्या खात्यात गूळही असायचा, त्यांच्याच हाताने लिहिलेला.